त्यासारखा की तोच?

एका चेहऱ्याची सात माणसे जगात असतात, असे आमच्या लहानपणी घरातील वडीलधारी माणसे सांगत. सातच का, सहा अथवा आठ का नाहीत, हे विचारण्याची प्राज्ञा नव्हती. आणि उरलेली सहा कोठे नांदत असतील याची कल्पना करण्यात आमच्या कित्येक दुपारी फार मजेत गेल्या. त्या सहांपैकी एक गृहस्थ नेत्रवैद्य असून सातारा जिल्ह्यात राहतात, एवढा पत्ता आता आम्हांस लागलेला आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही पुण्याहून मिरजेस चाललो असता समोरच्या बाकावरील एक सद्गृहस्थ आमच्याकडे बराच वेळ निरखून पाहत होते. लोणंद स्टेशन येताच त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ओळखले नाहीत ना? आमच्या वडिलांचा मोतीबिंदू आपणच काढलात!" आम्ही जन्मभर वर्गात पुस्तके उघडण्यापलीकडे कसलीही शस्त्रक्रिया केलेली नाही, हे त्यांना परोपरीने सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले, परंतु त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही. "मग ते आपले बंधू असतील," असा तोडगा काढून त्यांनी आम्हांस एक केळे दिले, आणि आम्हीही ते त्या अज्ञात बंधूच्या वतीने स्वीकारले.

असल्या घोटाळ्यांत कोणाचे काही बिघडत नाही, म्हणून आपण ते हसण्यावारी नेतो. परंतु आपल्या जुन्या तर्कपंडितांनी या ठिकाणी जो एक भेद करून ठेवला आहे, तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. 'तो हा देवदत्त' हे त्यांचे ठरलेले उदाहरण होय. पूर्वी पाहिलेला तो 'तो' स्मरणातून येतो, समोर उभा असलेला 'हा' डोळ्यांनी दिसतो, आणि दोहोंची गाठ पडून जे ज्ञान होते त्यास ते प्रत्यभिज्ञा म्हणतात. 'हा त्यासारखा आहे' हे ज्ञान मात्र निराळे. त्यास सादृश्यज्ञान म्हणावयाचे. शब्दांत पाहिले तर दोहोंमध्ये अंतर एका प्रत्ययाचे आहे. प्रत्यक्षात ते किती लांब असू शकते, याचे एक उदाहरण अमेरिकेतील कॅन्सस संस्थानात घडले. तेथे ते अंतर सतरा वर्षांचे भरले.

१९९९ साली मे महिन्याच्या अखेरीस कॅन्सस सिटीलगतच्या रोलंड पार्क या गावी, एका मोठ्या दुकानाच्या आवारात, मोटारीतून उतरलेल्या एका इसमाने एका बाईच्या हातातील पर्स हिसकावण्याचा प्रयत्न केला. बाईने ती सोडली नाही. झटापटीत ती पडली, तिचे गुडघे खरचटले, आणि चोराच्या हाती केवळ तिचा मोबाइल फोन लागला. गुन्हा म्हणाल तर एवढाच. चोर मोटारीत बसून निघून गेला. परंतु कोणी तरी मोटारीचा क्रमांक टिपला होता, त्यावरून पोलिस मोटार चालविणाऱ्यापर्यंत पोचले. हा चालक त्या दिवशी मादक द्रव्याच्या अमलाखाली होता. वाटेत एका घरापाशी आपण एका माणसास गाडीत घेतले आणि त्याचे नाव 'रिक' असे काहीसे होते, यापलीकडे त्यास काही सांगता येईना. तेव्हा त्या नावाच्या माणसांची पोलिसांच्या संग्रहात जी छायाचित्रे होती ती त्याच्यापुढे मांडण्यात आली, आणि त्याने त्यांतील एक उचलले. ते रिचर्ड जोन्स नामक तरुणाचे होते.

पुढे साक्षीदारांना सहा छायाचित्रांचा संच दाखविण्यात आला. त्यांनीही जोन्सकडेच बोट दाखविले. बोटांचे ठसे नव्हते, चोरीचा माल सापडला नव्हता, अंगावरील कोणत्याही द्रव्याची रासायनिक परीक्षा झालेली नव्हती. जोन्स राहत होता तो राज्याच्या सीमेपलीकडे, मिझुरीच्या बाजूस. त्या दिवशी तो आमच्याबरोबर घरीच होता असे त्याच्या घरच्या माणसांनी शपथेवर सांगितले. परंतु घरच्या माणसांची साक्ष न्यायालयात नेहमीच हलकी पडते, आणि ज्या बाईचा या माणसाशी काही वैरभाव नाही ती भर कोर्टात त्याच्याकडे बोट दाखविते तेव्हा पंचांच्या मनावर त्याचा केवढा परिणाम होतो, हे सांगावयास नको. जोन्सला एकोणीस वर्षांची शिक्षा झाली.

तुरुंगात गेल्यावर इतर कैदी त्यास वारंवार एक गोष्ट सांगू लागले. दुसऱ्या एका तुरुंगात अगदी तुझ्यासारखाच दिसणारा एक इसम आहे, आणि चमत्कार असा की त्याचेही नाव 'रिकी' आहे, ही ती गोष्ट. पुष्कळ वर्षे जोन्सला या वार्तेचा काही उपयोग करता आला नाही. शेवटी निरपराध कैद्यांची प्रकरणे हाती घेणारी मिडवेस्ट इनोसन्स प्रोजेक्ट ही संस्था आणि कॅन्सस विद्यापीठाच्या कायदेशाळेतील तसेच एक केंद्र यांच्याकडे त्याने ती सांगितली. त्यांनी त्या दुसऱ्या माणसाचा शोध लावला, आणि दोघांची छायाचित्रे शेजारी शेजारी ठेविली. ती पुढे वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाली, तेव्हा आम्हीही पाहिली. तोच वर्ण, डोक्याशी चपटून घातलेल्या केसांच्या तशाच बारीक वेण्या, हनुवटीवरील दाढीची तीच ठेवण, तोच भुवयांखालचा किंचित जड भाव. आम्ही चष्मा पुसून दोनदा पाहिली, आणि पान उलटल्यावर डावीकडचा कोण व उजवीकडचा कोण हे आम्हांस सांगता आले नसते. हा दुसरा मनुष्य जेथे राहत असे ते ठिकाण, चालकाने त्या दिवशी 'रिक'ला जेथून गाडीत घेतले त्या घराजवळच, सीमेच्या कॅन्सस बाजूस होते.

दोन अनोळखी कुळांतील माणसे अशी एका साच्यातून काढल्यासारखी का निपजावीत? या प्रश्नाचे बरेचसे समाधानकारक उत्तर २०२२ साली स्पेनमधील बार्सेलोना येथील मानेल एस्तेयेर व त्यांचे सहकारी यांनी दिले आहे, आणि ते मिळण्याची हकीकतही मनोरंजक आहे. फ्रान्स्वा ब्रुनेल नावाचे एक कॅनडियन छायाचित्रकार कित्येक वर्षे एक विलक्षण छंद बाळगून आहेत: ज्यांचे परस्परांशी काही नाते नाही परंतु चेहरे मात्र एकसारखे आहेत, अशा माणसांच्या जोड्या देशोदेशी हुडकून त्यांची छायाचित्रे घ्यावयाची. बार्सेलोनाच्या मंडळींनी त्यांच्याकडील बत्तीस जोड्या घेतल्या. माणसाच्या डोळ्यास भुलू नये म्हणून त्यांनी चेहऱ्यांची तुलना करणाऱ्या तीन निरनिराळ्या संगणक-पद्धतींकडून त्या तपासून घेतल्या. सोळा जोड्या तिन्ही पद्धतींच्या कसोटीस उतरल्या. नंतर या माणसांच्या लाळेतून त्यांची आनुवंशिक घडण पाहिली, तेव्हा सोळांपैकी नऊ जोड्यांत ती दोघे परस्परांच्या फार जवळ आढळली. आणि हे साम्य विशेषेकरून जेथे दिसले, त्यांत मुखाची ठेवण घडविणारी जनुके होती.

याचा अर्थ ही माणसे विस्मृतीत गेलेले सख्खे चुलत भाऊ होते, असा नव्हे. दूरच्या कोणत्याही नात्याचा माग लागला नाही. खरी गोष्ट अशी की, नाकाचा कणा, गालफडे, डोळ्यांतील अंतर, हनुवटीचा कोन यांवर सत्ता चालविणारी जनुके पुष्कळ असली तरी असंख्य नाहीत, आणि प्रत्येकाचे पर्यायही मोजकेच आहेत. सोंगट्या मोजक्या, फासे टाकणारे मात्र आठशे कोटी. तेव्हा तेच दान पुन्हा पुन्हा पडावे यात नवल कसले? बाकीच्या गोष्टींत ही जोडपी एकमेकांपासून दूरच होती. जनुकांवर आयुष्यात चढणारे रासायनिक संस्कार निराळे, तोंडात वास करणारे सूक्ष्म जीव निराळे. सारखेपणा होता तो जन्माच्या वेळी पडलेल्या फाशांपुरता.

येथे एखादा चौकस वाचक आम्हांस अडवील. त्याने कोठे तरी वाचलेले असते की, कोणत्याही दोन माणसांचे चेहरे तंतोतंत एक नसतात. तेही खरेच आहे. ऑस्ट्रेलियातील ॲडिलेड येथील दोघा अभ्यासकांनी २०१५ साली अमेरिकन सैन्यातील सुमारे चार हजार माणसांची मापे घेऊन असा हिशेब मांडला की, डोके व चेहरा यांची आठ मापे दोन माणसांत अचूक जुळण्याचा संभव एक लक्ष कोटींत एकाहूनही कमी आहे. मग बार्सेलोना खरे की ॲडिलेड? दोन्ही खरी. ॲडिलेडची मापे कंपास लावून, मिलिमीटर मोजून, जिवंत माणसाच्या अंगावर घेतलेली आहेत. ज्या बाईच्या हातातून पर्स ओढली जात आहे तिच्याजवळ कंपास नसतो. आणि तिला पुढे जे दाखविले जाते तो चेहराही नसतो. एका विशिष्ट अंतरावरून, एका विशिष्ट उजेडात, एका क्षणी कागदावर उतरलेली त्याची छाया असते. कॅमेरा हातभर अंतरावर धरला तर नाक फुगते व कान मागे पडतात. तोच चार पावले मागे नेला तर चेहरा रुंद व सपाट दिसतो. एकाच माणसाच्या दोन छायाचित्रांत जेवढा फरक पडतो, तेवढा कधी कधी दोन माणसांच्या छायाचित्रांत पडत नाही.

हे शेवटचे विधान वाचून वाचकांपैकी पुष्कळांस ते अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून आमच्या घरी झालेला एक प्रयोग सांगतो. आमचे वडील बंधू व त्यांचे बेळगावचे एक स्नेही, दोघेही आता दिवंगत, यांची एकाच सुमाराची वीस छायाचित्रे आम्ही जुन्या पेटीतून निवडली. दोघांना मिशा, दोघांना चष्मा, इतकेच साम्य. ती छायाचित्रे पत्त्यांसारखी पिसून आम्ही आमच्या नव्या सूनबाईंच्या हाती दिली आणि म्हटले, "यात किती माणसे आहेत ते पाहून एकेकाचा निराळा ढीग लावा." सूनबाई मोठ्या हुशार; अर्धा तास मन लावून त्यांनी सहा ढीग लावले. आमची थोरली बहीण शेजारी बसली होती, तिला हसू आवरेना. "अग, हाही दादा, हाही दादा, आणि ह्या चौकडीच्या कोटातला तो तर दादाच की! सहा कसले, दोघेच आहेत!" असे म्हणत तिने क्षणार्धात दोन ढीग करून दाखविले. सूनबाई खजील झाल्या; परंतु त्यात खजील होण्याजोगे काही नव्हते. रॉब जेनकिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या ज्या प्रयोगाची ही आमची घरगुती नक्कल होती, त्यातही असेच घडले होते. त्यांनी हॉलंडमधील दोन प्रसिद्ध व्यक्तींची प्रत्येकी वीस अशी चाळीस छायाचित्रे घेतली. त्या व्यक्ती ज्यांना माहीत नव्हत्या अशा इंग्लंडातील माणसांनी सरासरी सात-आठ ढीग लावले, आणि हॉलंडमधील माणसांनी बिनचूक दोन.

आम्हांस वाटते की, या सर्व प्रकरणातील मर्म येथे आहे. आपल्या ओळखीचा चेहरा आपण कसाही ओळखतो: दाढी वाढलेली असो, तापाने उतरलेला असो, पाठमोरा अर्धा दिसो. या अनुभवाच्या जोरावर आपण समजतो की आपल्याला 'चेहरे ओळखता येतात'. वस्तुतः आपल्याला येतात ते आपल्या माणसांचे चेहरे. परक्याचा चेहरा आपण ओळखत नाही. आपण त्याचे चित्र पाहतो, आणि चित्राशी चित्र ताडून पाहतो. त्या ताडण्यात डोळे, नाक, तोंड यांपेक्षा केसांची ठेवण, दाढीची कड, चेहऱ्याचा बाह्याकार यांवरच आपली भिस्त अधिक असते, असे या विषयातील अभ्यासकांनी पुनःपुन्हा दाखविले आहे. कॅन्ससच्या त्या दोघा तरुणांच्या केसांच्या वेण्या व दाढीची ठेवण एक होती, हे येथे आठवावे. परीक्षेच्या वेळी उमेदवाराचा चेहरा प्रवेशपत्रावरील छायाचित्राशी ताडून पाहण्याचे काम आम्ही वर्षानुवर्षे करीत आलो आहो. त्या कामाविषयी आमचा पूर्वीचा निर्धास्तपणा हे सर्व वाचल्यापासून उरलेला नाही, एवढे मात्र सांगून टाकतो.

(ओळखीच्या माणसांचीही कधी फसगत होते, असा आक्षेप महाराष्ट्रात तरी निघावयाचाच. पानिपतावर १७६१ साली नाहीसे झालेले सदाशिवरावभाऊ म्हणून एक कनोजी ब्राह्मण पुढे आला, कोकणात त्याने मोठे बंड माजविले, आणि १७७६ साली पुण्यात त्यास देहान्त शासन होईपर्यंत कित्येक मोठमोठी माणसे त्याच्या पाठीशी उभी राहिली. परंतु त्यांपैकी किती जणांना चेहरा ओळखू येत नव्हता, आणि किती जणांना तो ओळखू येऊ नये हेच सोयीचे होते, हा निराळा विषय आहे.)

आता पुन्हा त्या छायाचित्रांच्या संचाकडे वळू. सादृश्याचे रूपांतर गुन्ह्यात कसे होते, हे पाहण्यासाठी थोडा हिशेब करणे भाग आहे, पण तो पहिलीच्या मुलासही कळेल असा आहे. समजा, एका मोठ्या शहरात पाच लक्ष पुरुष आहेत, आणि गुन्हेगाराशी घोटाळा व्हावा इतपत सारखा चेहरा पाच हजारांत एकाचा असतो. आकडे आम्ही केवळ उदाहरणार्थ घेतले आहेत. म्हणजे त्या शहरात असे शंभर पुरुष निघतील. साक्षीदाराने एकाकडे बोट दाखवून 'असाच होता' म्हटले, तर त्याने मोठेच काम केले: पाच लक्षांतून शंभरांवर आणून ठेविले. परंतु त्या शंभरांतून एकावर येण्यास दुसरा काही पुरावा पाहिजे. तो नसेल तर बोट खऱ्या माणसाकडे असण्याचा संभव शंभरांत एक एवढाच. येथे लोकांची हटकून जी चूक होते ती अशी की, दुसरा साक्षीदार आला व त्यानेही त्याच माणसाकडे बोट दाखविले, म्हणजे पुरावा दुप्पट झाला असे त्यांस वाटते. तो दुप्पट होत नाही. जो हुबेहूब दिसतो तो दुसऱ्या साक्षीदारासही हुबेहूबच दिसणार, तिसऱ्यासही दिसणार. त्या शंभरांपैकी कोणासही उभे केले असते तरी तिघांची बोटे त्याच्याकडे वळली असती.

आणि संशयित मुळात छायाचित्रांच्या ढिगातूनच निवडला असेल तर गोष्ट आणखी बिघडते. रस्त्यावरून चालता चालता आपल्या प्रतिरूपाशी गाठ पडणे ही आयुष्यात एखादे वेळी घडणारी गोष्ट आहे. परंतु शेकडो छायाचित्रे समोर मांडून 'यांतील त्याच्यासारखा कोण?' असे विचारले की, प्रतिरूप सापडणे हा योगायोग राहत नाही, ते त्या शोधाचे फळच असते. ढीग जितका मोठा तितका हाती येणारा चेहरा अधिक हुबेहूब. मग खरा गुन्हेगार त्या ढिगात असो वा नसो. असा माणूस पुढे इतर साक्षीदारांपुढे ठेविला आणि त्यांनी तो ओळखला, तर त्यांनी नवे काय सांगितले? तो गुन्हेगारासारखा दिसतो हे. पण ते तर आधीच ठाऊक होते. त्याच गुणावर त्याची निवड झाली होती.

जोन्सच्या बाबतीत या दोषात दुसऱ्याची भर पडली. साक्षीदारांनी चोराचे वर्णन करताना तो उजळ वर्णाचा होता असे सांगितले होते. संचातील सहा छायाचित्रांत उजळ वर्णाचा जोन्स एकटा होता. बाकीचे पाच सावळे अथवा काळे. अशा संचात ओळखावयाचे काही उरतच नाही. संच निर्दोष आहे की नाही हे पाहण्याची एक साधी युक्ती १९७३ सालापासून अभ्यासकांना माहीत आहे. ज्यांनी गुन्हा पाहिलेला नाही अशा वाटेल त्या लोकांना बोलवावे, गुन्हेगाराचे तोंडी वर्णन वाचून दाखवावे, आणि सहांतून एक निवडावयास सांगावे. संच नीट असेल तर या आंधळ्या परीक्षकांची मते सहाही जणांत जवळजवळ सारखी वाटली जातील. साठ लोकांपैकी संशयिताच्या वाट्यास दहाच्या आगेमागे येतील. साठांपैकी पन्नासांनी त्याच्याकडेच बोट दाखविले तर समजावे की, बोट दाखविते आहे ते वर्णन, साक्षीदाराची स्मृती नव्हे. जोन्सचा संच त्या कसोटीस लावला असता तर काय झाले असते, हे सांगण्यास प्रयोगाचीही आवश्यकता नाही. आणि दुर्दैव असे की, ज्या १९९९ साली हा गुन्हा घडला त्याच साली ऑक्टोबरात अमेरिकेच्या न्यायखात्याने पोलिसांसाठी या विषयाची एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली होती. भरतीची छायाचित्रे वर्णनास जुळणारी असावीत व संशयित त्यांत उठून दिसू नये, असेच तीत सांगितले होते.

"पण साक्षीदाराची खात्री असते त्याचे काय?" असे आमच्या एका वकील स्नेह्यांनी आम्हांस विचारले. खात्री असते हे खरे. ती केव्हा उत्पन्न होते एवढाच प्रश्न आहे. प्रथम छायाचित्र उचलताना बहुधा "हा असावासे वाटते" इतकेच शब्द तोंडातून निघतात. समोरचा अंमलदार मान डोलवितो, किंवा "ठीक, आमचाही संशय याच्यावरच होता" असे सहज बोलून जातो. तेवढ्याने त्या 'असावासे'चे 'आहे' होऊ लागते. गॅरी वेल्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाखविले की, अशा एका वाक्यानंतर चुकीची निवड केलेली माणसेही 'आम्हांस पहिल्यापासून खात्री होती, आम्ही त्याचा चेहरा नीट पाहिला होता' असे प्रामाणिकपणे सांगू लागतात. शिवाय छायाचित्र पाहिल्यावर स्मृतीत दोन चेहरे राहत नाहीत. भीतीच्या क्षणी अर्धवट दिसलेल्या चेहऱ्यावर टेबलावर शांतपणे पाहिलेला चेहरा बसतो, आणि कोर्टात ती बाई ज्यास ओळखते तो पर्स ओढणारा नसून छायाचित्रातला मनुष्य असतो. आपल्याकडे मॅजिस्ट्रेटसमोर जी ओळखपरेड होते, तिच्यापूर्वीच साक्षीदारास आरोपीचे छायाचित्र दाखविले गेले असेल तर त्या परेडीस आपली न्यायालये किंमत देत नाहीत, ती याच कारणास्तव. यास्तव आज जेथे काम काळजीने चालते तेथे संशयित कोणता हे ज्यास ठाऊक नाही अशाच अंमलदाराकडून छायाचित्रे दाखवितात, खरा माणूस यांत नसण्याचाही संभव आहे असे आधी बजावतात, आणि निवड होताच साक्षीदारास किती खात्री वाटते हे त्याच्याच शब्दांत तेथल्या तेथे लिहून घेतात. आमच्या मते या तिहींत शेवटचे कलम सर्वांत मोलाचे आहे. पहिला 'असावासे वाटते' कागदावर राहिला, तर वर्षभराने कोर्टात येणाऱ्या 'हाच तो'ची किंमत न्यायाधीशास करता येते.

ही सर्व अमेरिकेतील अर्वाचीन गडबड आहे असे कोणी समजू नये. लंडनमध्ये १८९६ साली अडॉल्फ बेक नावाच्या नॉर्वेजियन गृहस्थास, बायकांना भूलथापा देऊन त्यांचे दागिने लांबविल्याबद्दल सात वर्षांची सक्तमजुरी झाली. दहाच्या आसपास बायकांनी त्यास ओळखले होते, आणि १८७७ साली अशाच गुन्ह्याबद्दल शिक्षा झालेला स्मिथ तो हाच असे एका पोलिस शिपायाने शपथेवर सांगितले होते. आमच्या वरील हिशेबाचा याहून पुरता दाखला सापडणार नाही: दहा बोटे, आणि दहाही चुकीची. १८९८ साली तुरुंगाच्या जुन्या नोंदींवरून कळून चुकले की त्या स्मिथची सुंता झालेली होती, बेकची झालेली नव्हती. म्हणजे हे दोघे एक असणे शक्य नव्हते. तरी सरकारने बेकचा पूर्वगुन्हेगार म्हणून दिलेला क्रमांक तेवढा बदलला, आणि त्यास आतच ठेविले. १९०१ साली तो सुटला. १९०४ साली त्याच आरोपावरून त्यास पुन्हा धरले, पुन्हा बायकांनी ओळखले, पुन्हा तो दोषी ठरला. शिक्षा सांगण्याचे बाकी असता, तो कोठडीत असतानाच, त्याच तऱ्हेने दागिने लांबविताना खरा मनुष्य पकडला गेला, म्हणून बेक सुटला. इंग्लंडात १९०७ साली फौजदारी अपिलांचे न्यायालय स्थापन झाले, त्यास हे प्रकरण बरेचसे कारण झाले.

बेकच्या वेळी सुटकेस कारण झाला तो चोराचा हव्यास. जोन्सच्या वेळी कैद्यांच्या गप्पा. दोन्ही ठिकाणी न्यायाची यंत्रे आपल्या पायांनी त्या जागी पोचली नाहीत, ही गोष्ट आमच्या मनास अधिक लागते. २०१७ सालच्या जूनमध्ये कॅन्ससच्या न्यायाधीशांपुढे जोन्सचा अर्ज निघाला, तेव्हा त्या बाईपुढे, इतर साक्षीदारांपुढे आणि मूळ खटला चालविणाऱ्या सरकारी वकिलापुढे दोघांची छायाचित्रे ठेवण्यात आली. यांतील त्या दिवशीचा कोण, हे आपणास सांगता येत नाही, असे त्यांनी कबूल केले. कोणी खोटे बोलले नव्हते. अठरा वर्षांपूर्वीही बोललेले नव्हते. दुसरे छायाचित्र त्या वेळी टेबलावर नव्हते, इतकेच. हे सर्व पंचांपुढे आले असते तर कोणत्याही समंजस पंचाने त्यास दोषी धरले नसते, असे म्हणून न्यायाधीशांनी जोन्सला मुक्त केले. तो आत गेला तेव्हा त्याच्या मुली अगदी लहान होत्या; बाहेर आला तेव्हा त्याची चाळिशी उलटून गेली होती. निरपराध ठरलेल्या कैद्यांना भरपाई देण्याचा कायदा कॅन्ससने २०१८ साली केला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यास त्या कायद्यान्वये अकरा लक्ष डॉलर देण्याचे ठरले.

तो दुसरा मनुष्यही त्या दिवशी न्यायालयात साक्षीस आला होता. पर्स ओढणारा मी नव्हे, असे त्याने शपथेवर सांगितले. गुन्ह्याची मुदत कधीच टळून गेली असल्यामुळे त्याच्यावर खटला होणे शक्य नव्हते, आणि तोच गुन्हेगार होता असे न्यायाधीशांनीही म्हटले नाही. जोन्ससारखा तो दिसतो, चालकाने ज्या घरातून माणूस घेतला त्याच्या आसपास तो राहत होता, एवढेच त्याच्याविषयी सिद्ध झाले. चोर तो होता की त्या दोघांसारखा दिसणारा कोणी तिसराच, याचा निकाल आजतागायत लागलेला नाही.